टेप संपली तिथे

मागच्या सुट्टीत घरी आला तेव्हा माझ्या मुलाने विचारले, "बाबा, तुम्ही ऑफिसांमध्ये जाऊन नेमके काय मोजता?" त्याला थोडक्यात सांगितले: आग लागली तर सगळ्यांना बाहेर पडता येईल एवढी दारे आहेत का, आणि ती पुरेशी जवळ आहेत का, एवढेच. "मग ते तर पाच मिनिटांचे काम आहे," तो म्हणाला. गणित पाच मिनिटांचेच आहे, हे खरे. पण ते पाच मिनिटांत उरकल्यामुळे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो होतो. शाळेच्या मराठी पानासाठी काही लिहा, असा निरोप आल्यावर तीच गोष्ट आकड्यांसह सांगावी असे ठरवले.

बडोद्यातील एका तीन मजली इमारतीचा दुसरा मजला. उंची साधारण अकरा मीटर, म्हणजे उंच इमारतींचे नियम लागू होण्याच्या बरीच खाली. मजला साधा आयताकृती, पूर्व-पश्चिम २४ मीटर लांब आणि उत्तर-दक्षिण १५ मीटर रुंद. पश्चिमेच्या भिंतीत, दक्षिण कोपऱ्यापासून ३ मीटरवर मुख्य जिन्याचे दार. पूर्वेच्या भिंतीत, उत्तर कोपऱ्यापासून ३ मीटरवर मागच्या जिन्याचे दार. दोन्ही जिने भिंतींनी बंदिस्त, दीड मीटर रुंद. इमारत बांधणाऱ्याने खरे तर सगळे नीट केले होते.

मजला भाड्याने घेणाऱ्या शेठजींना मागचे दार नको होते. त्या कोपऱ्यात त्यांना पँट्री करायची होती, आणि मागच्या जिन्याने सामान बाहेर जाते असा त्यांचा जुना अनुभव होता. "इंजिनीअरसाहेब, माणसे साठ. एक दार पुरत नाही का? तुम्ही हिशेब करून एक पत्र द्या," ते म्हणाले. मी हिशेब करायला बसलो.

आपल्याकडे यासाठी आधार घेतात तो राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली काढलेल्या आवृत्तीचा. तिचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा आहे. राज्याचे किंवा महापालिकेचे नियम अधिक कडक असतील तर ते पाळायचे, पण गणिताची रीत हीच.

पहिली पायरी माणसे मोजण्याची. कार्यालयासाठी संहिता दर माणशी १० चौरस मीटर धरते, आणि हे क्षेत्रफळ भिंती, बोळ, प्रसाधनगृहे सगळे धरून. २४ गुणिले १५ म्हणजे ३६० चौरस मीटर, म्हणून ३६ माणसे. इथे पुष्कळजण थांबतात, आणि थांबू नये. त्या मजल्याच्या फर्निचरच्या नकाशात टेबले होती ५८. शिवाय बैठकीच्या खोलीत बाहेरून येणारे सहाजण धरले, म्हणजे ६४. कोष्टकातला आकडा किमान आहे. प्रत्यक्षात जास्त माणसे बसणार असतील तर जास्तीचा आकडा घ्यायचा. आजकालच्या कार्यालयांत टेबले इतकी दाटीने असतात की कोष्टकाच्या आकड्यावर विसंबलात तर निम्मी माणसे कागदावरून गायब होतात. मी ६४ घेतले. तेवढे तरी बरोबर केले.

दुसरी पायरी रुंदीची. सपाट जागेवरच्या वाटेला, म्हणजे दार आणि बोळ यांना, दर माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी; जिन्याला दर माणशी १० मिलिमीटर. हे आकडे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येते. साडेसहा मिलिमीटरच्या फटीतून कोणी माणूस जातो का? जुन्या आवृत्तीत हीच गोष्ट समजायला सोपी होती. तिथे ५० सेंटीमीटरचे एक माप धरत, साधारण एका माणसाच्या खांद्यांएवढे. कार्यालयात अशा एका मापाच्या जिन्यावरून ५० माणसे आणि दारातून ७५ माणसे, असे कोष्टक होते. ५०० मिलिमीटरला ५० ने भागा, १० येतात. ७५ ने भागा, साडेसहाच्या जरा वर. म्हणजे माणसे एकामागून एक जातात हे त्यात गृहीत आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीचा किती हिस्सा येतो, एवढेच तो आकडा सांगतो. जिन्यावर पायऱ्या सांभाळत हळू उतरावे लागते, म्हणून तिथला हिस्सा मोठा.

आता ६४ माणसांना दारासाठी ४१६ मिलिमीटर आणि जिन्यासाठी ६४० मिलिमीटर रुंदी लागते. खालच्या-वरच्या मजल्यांची माणसे यात मिळवायची नसतात. प्रत्येक मजल्याचा हिशेब वेगळा करायचा आणि सर्वांत मोठा आकडा जिन्याला लावायचा, कारण सगळे मजले एकाच क्षणी एकाच पायरीवर येत नाहीत.

पण ४१६ मिलिमीटरचे दार कोणी करत नाही, करूही देत नाही. संहितेनुसार बाहेर पडण्याचे दार किमान १००० मिलिमीटर रुंद आणि २००० मिलिमीटर उंच हवे. कार्यालयाचा जिना किमान दीड मीटर हवा. दीड मीटरच्या जिन्यावर १५० माणसांचा हिशेब बसतो. दाराच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. भिंतीतली भोके मोजू नयेत; दार पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा उरते ती मोजावी. चौकट आणि उघडा पल्ला मिळून दहा-पंधरा सेंटीमीटर सहज खातात. आमच्या मुख्य दाराची मोकळी जागा भरली ८५० मिलिमीटर. खरे तर ती वाढवायलाच हवी होती. पण नुसत्या भागाकाराने पाहिले तर ८५० मधूनही १३० माणसांचा हिशेब निघतो, म्हणजे ६४ च्या दुप्पट. शेठजींचे म्हणणे खरे ठरत होते. एक दार पुरत होते, तेही भरपूर.

लहान मजल्याचे हेच वैशिष्ट्य आहे आणि इथेच फसगत होते. रुंदीचा हिशेब सिनेमागृहात, सभागृहात, मोठ्या दुकानात कस लावतो. साठ-सत्तर माणसांच्या कार्यालयात तो जवळजवळ नेहमीच पास होतो, कारण किमान रुंदीच गरजेपेक्षा मोठी असते. म्हणून रुंदी पुरली की माणूस निर्धास्त होतो, आणि खरा प्रश्न पुढच्या पायरीत असतो याकडे त्याचे लक्ष जात नाही.

ती पायरी म्हणजे चालायचे अंतर. मजल्यावरच्या कोणत्याही जागेपासून सर्वांत जवळच्या सुरक्षित जिन्यापर्यंत कार्यालयात जास्तीत जास्त ३० मीटर. मी नकाशा पुढे घेतला. मागचे दार बंद धरले, तर सर्वांत दूरची जागा ईशान्येचा कोपरा. तिथून मुख्य दारापर्यंत पट्टी ठेवली. पूर्व-पश्चिम २४ मीटर, उत्तर-दक्षिण १२ मीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण: ५७६ अधिक १४४ म्हणजे ७२०, वर्गमूळ २६.८. तीसच्या आत. मी पत्र लिहून दिले. एक दार पुरते, रुंदीनेही आणि अंतरानेही. खाली सही केली.

महिन्याभराने अग्निशामक सिलिंडर कुठे टांगायचे ते दाखवायला मी मजल्यावर गेलो. टेबलांच्या चार रांगा लांबीच्या दिशेने लागल्या होत्या, मध्ये कमरेच्या वर येणारी पार्टिशने होती. मागच्या दारापुढे सुतार पँट्रीचा ओटा ठोकत होता. सहज म्हणून मी त्याची लांब टेप मागून घेतली आणि त्याच्या मदतनिसाला ईशान्य कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक टोक धरायला सांगितले. टेप सोडत, रांगांमधून जिथून माणूस जाऊ शकतो तिथूनच मी चालत निघालो. टेप ३० मीटरची होती. ती संपली तेव्हा मुख्य दार अजून समोर दिसत होते, आणि मी हातात रिकामी चकती घेऊन छपाईच्या यंत्राशेजारी उभा होतो.

तिथे खडूची खूण करून उरलेले मोजले. एकूण ३७ मीटर ४० सेंटीमीटर.

चूक कुठे झाली ते उभ्या उभ्या कळले. कर्ण टेबलांवरून जातो. माणसे जात नाहीत. रांगांमधून आधी लांबीने जायचे आणि मग आडवे वळायचे, म्हणजे २४ अधिक १२, ३६ मीटर. वरचे दीड मीटर यंत्राला आणि कपाटाला वळसा घालण्यात गेले. कोपऱ्याला किंवा कपाटाला अगदी घासूनही टेप धरायची नाही. माणूस साधारण ३० सेंटीमीटर अंतर ठेवून वळतो, तशीच टेपही वळवायची. आता फर्निचर ठरलेले नसेल तर मी कर्ण काढतच नाही, दोन बाजूंची बेरीज घेतो. चौरस मजल्यावर बेरीज कर्णाच्या ४१ टक्क्यांपर्यंत जास्त भरते. इतका फरक पास आणि नापास यांच्यामध्ये सहज बसतो.

टेप कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, यातही गफलत होते. सुरुवात खोलीच्या दारापासून करून चालत नाही, आतल्या सर्वांत दूरच्या खुर्चीपासून करायची. शेवट लिफ्टपाशी होत नाही, कारण लिफ्ट बाहेर पडण्याचा मार्ग धरलाच जात नाही. कार्यालयाच्या काचेच्या दारापाशीही होत नाही, जर त्या दारापलीकडे धूर शिरू शकेल अशी उघडी लॉबी असेल. धूर आणि आग अडवणाऱ्या भिंतींनी बंदिस्त जिन्याच्या दारात पाय पडला की टेप थांबते. जिना उघडा असेल, मधोमध चढणारा आणि कोणत्याच मजल्यावर दार नसलेला, तर तिथे मोजणी संपत नाही. तो जिनाच धुराचे धुराडे होतो.

मी शेठजींना फोन केला आणि माझे पत्र मागे घेत असल्याचे सांगितले. साहजिकच ते चिडले. ओट्याचे पैसे गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी माहिती काढून एक चांगला प्रश्न विचारला: "स्प्रिंकलर लावले तर अंतर वाढवून मिळते ना?" मिळते. इमारतीत सर्वत्र स्प्रिंकलर असतील तर संहिता ५० टक्के वाढ देते, म्हणजे ४५ मीटर. ३७ त्यात बसतात. पण 'सर्वत्र' हा शब्द महत्त्वाचा. एका मजल्याच्या छताला चार नळ्या लावून ते होत नाही. टाकी, पंप आणि सगळ्या इमारतीत पाइप लागतात, आणि त्यांचा मजला भाड्याचा होता.

त्याहून मोठी अडचण मी त्यांना मजल्यावर नेऊन दाखवली. मुख्य दाराच्या आत लगेच उजवीकडे विजेचे पॅनेल होते आणि त्याच्या शेजारी कागदांचे रॅक. आग तिथे लागली तर? मग अंतर ३७ असो की १७, दोन्ही निरर्थक. सगळ्यांची एकमेव वाट आगीतूनच जाते. अंतराचा आकडा हे गृहीत धरतो की वाट मोकळी आहे. ती मोकळी नसेल तेव्हा पाठ फिरवून जायला दुसरीकडे दार लागते, आणि ते पहिल्याच्या शेजारी असून उपयोग नाही. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या संहितेत यासाठी एक सोपी कसोटी आहे: दोन दारांमधले सरळ अंतर मजल्याच्या सर्वांत लांब कर्णाच्या निम्म्याहून कमी नसावे. आमच्या मजल्याचा कर्ण २८.३ मीटर, निम्मे १४ च्या जरा वर. दोन दारे एकमेकांपासून २५.६ मीटरवर, जवळजवळ समोरासमोरच्या कोपऱ्यांत. बांधणाऱ्याने ती तशी ठेवली होती त्यामागे हेच कारण होते, आणि आम्ही दोघे मिळून ते बुजवत होतो. गंमत म्हणजे हा आकडाही माझ्या पत्रातल्या २६.८ सारखाच सरळ रेषेचा. इथे तो बरोबर होता, कारण दोन दारांमधले अंतर सरळच मोजतात. तिथे चालायचे अंतर तशाच रेषेने मोजून मी चुकलो होतो.

दोन्ही दारे उघडी धरली की गणित किती बदलते पाहा. आता प्रत्येकाने आपल्याला जवळच्या दाराकडे जायचे. ईशान्य कोपऱ्यातल्या माणसाला ३६ ऐवजी ३ मीटर. मग सर्वांत वाईट जागा कोणती? ती कोपऱ्यात नसते, दोन्ही दारे सारखीच लांब पडतात तिथे असते. दक्षिणेच्या भिंतीलगत, पश्चिमेपासून १६.५ मीटरवर उभे राहिलात तर मुख्य दार १६.५ अधिक ३, म्हणजे १९.५ मीटर. मागचे दार ७.५ अधिक १२, तेही १९.५. उत्तरेच्या भिंतीलगत पश्चिमेपासून ७.५ मीटरवर अशीच दुसरी जागा सापडते. म्हणजे त्या मजल्यावर कोणालाही वीस मीटरपेक्षा जास्त चालावे लागत नाही. मोकळ्या हवेत माणूस सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर चालतो, धुरात तो वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. तेव्हा १९ आणि ३७ यांतला फरक कागदावरचा राहत नाही.

एक बारीक गोष्ट नंतर सापडली. दक्षिणेला केबिनची रांग होती आणि तिच्यापुढचा बोळ पूर्वेला जाऊन बंद होत होता, ११ मीटर. धुरात माणूस अशा बोळात शिरला की भिंतीला जाऊन आपटतो आणि तेवढेच परत यावे लागते. कार्यालयात असा बंद बोळ १५ मीटरपर्यंत चालतो, म्हणून तो राहू दिला. शाळांमध्ये ही मर्यादा फक्त ६ मीटर आहे.

शेवटी पँट्री मध्यभागी, बैठकीच्या खोलीशेजारी गेली. ओटा काढण्याचा अर्धा खर्च मी दिला, कारण पत्र माझे होते. मागच्या दारापर्यंत १.२ मीटरची वाट मोकळी ठेवली आणि जमिनीवर पिवळा पट्टा ओढला. दोन्ही दारांच्या चौकटी बदलून मोकळी जागा पूर्ण १००० मिलिमीटर केली आणि पल्ले बाहेरच्या बाजूला, जिन्याकडे उघडतील असे लावले. चोरीच्या भीतीवर उपाय होता. मागच्या दाराला आतून आडवा दांडा बसवला. तो ढकलला की दार उघडते, किल्ली लागत नाही, आणि बाहेरून ते उघडत नाही. दार उघडले की घंटा वाजेल अशी सोय शेठजींनी स्वतःहून करून घेतली. ती मला फार आवडली.

दोन्ही वाईट जागांपासून पुन्हा टेप लावली. एकीकडून १९ मीटर ७०, दुसरीकडून २० मीटर १०. याच वेळी नवीन पत्र दिले, आणि त्यात टेबलांचा नकाशा जोडून लिहिले की ही अंतरे या मांडणीची आहेत. रांगा फिरवल्या तर पुन्हा मोजावे.

वर्षभराने सिलिंडर भरायच्या निमित्ताने तिथे गेलो. रांगा होत्या तशाच होत्या. पिवळ्या पट्ट्यावर मात्र पिण्याच्या पाण्याचे सहा मोठे जार एकावर एक रचलेले होते, आणि आडव्या दांड्याला कोणीतरी सायकलची साखळी गुंडाळून कुलूप लावले होते. किल्ली कोणाकडे आहे ते शोधायला वीस मिनिटे लागली.